पडद्यावरचा प्रश्न रूममध्ये येत नाही: कमकुवत नेटवर ब्रेकआउट रूमचा तास कसा आखायचा

ऑनलाइन शिकवायला लागले तेव्हाची गोष्ट. स्लाइड लावली, प्रश्न वाचून दाखवला, "चला, आता आपापल्या गटात बोला" म्हटलं आणि ब्रेकआउट रूम उघडल्या. चोवीस मुलं, सहा रूम. पहिल्या रूममध्ये डोकावले तर तिथे दोघंच होती आणि एकजण दुसऱ्याला विचारत होता, "प्रश्न काय होता रे?" दुसऱ्या रूममध्येही तेच. तिसऱ्या रूममध्ये एक मुलगी एकटीच बसली होती, कारण तिच्या गटातले बाकीचे रूममध्ये शिरतानाच बाहेर फेकले गेले होते. आठ मिनिटांनी सगळे परत आले तेव्हा एकाही गटाकडे उत्तर नव्हतं.

मी नेटला दोष दिला. पण स्लाइड मी मुख्य वर्गात दाखवली होती. मुलं रूममध्ये गेली तेव्हा ती मागेच राहिली. नेट उत्तम असतं तरी प्रश्न हरवलाच असता; नेट वाईट होतं म्हणून सोबत मुलंही हरवली, इतकंच.

खाली जे लिहिलंय ते एका ठरावीक तासाबद्दल आहे: एक तास, चोवीस विद्यार्थी, बहुतेक जण फोनवर, त्यातल्या सात-आठ जणांचं नेट कधीही दगा देणारं, आणि तासात दोन छोटी गटकामं. मी झूमची उदाहरणं घेते. ज्या ॲपमध्ये ब्रेकआउट रूम आहेत त्यात थोड्याफार फरकानं हेच लागू पडतं.

आधी हे कळायला हवं: अडतं नेमकं कुठे

कॉलमधला आवाज सलग वाहत नाही. त्याचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे बारीक तुकडे होतात आणि एकामागोमाग एक पाठवले जातात. एखादा तुकडा उशिरा पोचला तर ॲप तो टाकून देतं, कारण त्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणजे उशिरा आलेला आवाज वायाच जातो. मेसेजचं तसं नाही. समोरच्याचं नेट गेलं तर व्हॉट्सॲपवर आपल्याला एक टिक दिसते, दोन मिनिटांनी त्याचं नेट आलं की दुसरी उमटते, आणि मेसेज अक्षरही न गळता पोचलेला असतो. उशीर झाला, पण नुकसान झालं नाही.

दुसरी गोष्ट रूम बदलण्याची. आपल्याला वाटतं, मुलं या खोलीतून त्या खोलीत गेली. प्रत्यक्षात ॲप चालू आवाज-चित्राचं जोडणं सोडून नवं जोडणं करतं. चांगल्या नेटवर हे चार-पाच सेकंदांत होतं आणि जाणवतही नाही. माझ्या वर्गात कमकुवत नेटवाल्यांना अर्धं मिनिट ते दीड मिनिट लागतं, आणि मधल्या वेळेत नेट हललं तर ते कॉलमधूनच बाहेर पडतात. एका गटकामात असं दोनदा घडतं, जाताना आणि येताना. अख्ख्या तासात सर्वांत नाजूक क्षण हेच.

माझी सगळी आखणी या दोन गोष्टींवर उभी आहे. रूममध्ये शिरताना विद्यार्थ्याच्या हातात प्रश्न आधीच असला पाहिजे, आणि उत्तर आवाजानं नाही तर मजकुरानं परत आलं पाहिजे. मधली चर्चा तेवढी आवाजात होऊ द्यायची. ती काही सेकंद तुटली तरी काम पुढे सरकतं.

पायरी १: "नेट स्लो आहे" म्हणजे काय, ते विचारून घ्या

पहिल्या तासाच्या दोन-तीन दिवस आधी मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन प्रश्न टाकते. कोणत्या यंत्रावरून बसणार? कॉल चालू असताना नक्की काय होतं? दिवसाचा डेटा किती उरतो?

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं सर्वांत कामाची असतात. "चित्र अडकतं पण आवाज येतो" असं कोणी म्हणालं तर त्याला वेग कमी मिळतोय, आणि ॲप चित्र सोडून आवाज वाचवतंय. व्हिडिओ बंद केला की याचा प्रश्न बहुधा सुटतो. "आवाज रोबोटसारखा येतो, मधले शब्द गळतात" म्हणजे वेग कदाचित पुरेसा आहे, पण तुकडे रस्त्यात हरवताहेत किंवा उशिरा पोचताहेत. इथे व्हिडिओ बंद करून थोडाच फरक पडतो. जागा बदलणं, राउटरजवळ बसणं किंवा वायफाय सोडून मोबाइल डेटा लावून पाहणं जास्त उपयोगी. "तुम्ही मला ऐकू येता, पण माझं कोणालाच ऐकू जात नाही" असं असेल तर माइक तपासा, आणि माइक ठीक असेल तर अपलोडकडे पाहा. स्पीड टेस्ट करताना लोक डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होतात. वर्गात बोलायचं असेल तर अपलोडचा आकडा बघायचा.

आकड्यांचा अंदाज असलेला बरा. झूमच्या सांगण्यानुसार नुसत्या आवाजाला सेकंदाला ६० ते ८० किलोबिट पुरतात, तर गटातल्या चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला ६०० किलोबिटपासून १ मेगाबिटपर्यंत लागतात. म्हणजे एकाच्या चेहऱ्याच्या जागेत सात-आठ आवाज मावतात. डेटाचं गणितही तसंच आहे. ८० किलोबिटचा आवाज तासाभरात एका दिशेनं ३६ एमबी खातो, ६०० किलोबिटचा व्हिडिओ २७० एमबी.

म्हणून माझ्या वर्गात कॅमेरा बंद हाच नियम आहे. सुरुवातीची दोन मिनिटं "ज्यांना जमेल त्यांनी" तोंड दाखवायचं, मग बंद. येणारा व्हिडिओही थांबवता येतो: संगणकावरच्या झूममध्ये `Stop Incoming Video` हा पर्याय आहे. चेहरे दिसत नाहीत म्हणून मुलं लक्ष देत नाहीत, अशी तक्रार मी खूप ऐकली आहे. कॅमेरा चालू ठेवून छताचा पंखा दाखवणारी मुलंही मी खूप पाहिली आहेत.

पायरी २: काम असं निवडा की उत्तर एका ओळीत मावेल

नवखे शिक्षक इथे सर्वाधिक घसरतात. "या विषयावर चर्चा करा आणि मुद्दे काढा" हे काम समोरासमोरच्या वर्गात चालतं. कमकुवत नेटवर चर्चा तुटत राहते, मुद्दे कोणी लिहीत नाही आणि शेवटी एकच हुशार मूल बोलतं. छोट्या गटकामाला एक ठोस शेवट हवा. चार जणांना मिळून काहीतरी एक ठरवायचं असलं पाहिजे, आणि ते एका ओळीत लिहिता आलं पाहिजे.

माझ्या एका तासाचं उदाहरण घेऊ. विषय सरासरी आणि मध्यक. सात जणांना वर्गात पोचायला लागलेली मिनिटं दिली:

४, ५, ५, ६, ७, ८, ३५

बेरीज ७०, म्हणून सरासरी १०. चढत्या क्रमात मधला आकडा ६, म्हणून मध्यक ६. गंमत अशी की सातांपैकी सहा जण सरासरीपेक्षा कमी वेळात पोचलेत.

पहिलं गटकाम: "या सात जणांबद्दल एकच आकडा सांगायचा आहे. १० सांगाल की ६? कारण बारा शब्दांच्या आत." यात दोन बाजू आहेत, त्यामुळे बोलायला खरंच काहीतरी असतं, पण उत्तर एका ओळीत बसतं.

दुसरं गटकाम: "सातांपैकी फक्त एक आकडा बदला. सरासरी ७ झाली पाहिजे, मध्यक ६ च राहिला पाहिजे." सरासरी ७ म्हणजे बेरीज ४९, म्हणजे कुठल्यातरी एका आकड्यातून २१ कमी करायचे. ३५ सोडला तर इतक्या मोठ्या कपातीला दुसरा कुठलाच आकडा पुरत नाही. उत्तर एकच: ३५ च्या जागी १४. गटाकडून मला फक्त "३५ → १४" एवढं हवं असतं. जो गट लवकर उरकेल त्याच्यासाठी जोडप्रश्नही तयार असतो: "आता सरासरीही ६ करा." तिथे ३५ च्या जागी ७ येतो.

असं काम चार जणांतला एक बाहेर पडला तरी थांबत नाही. नेट पूर्ण गेलेलं मूल वहीवर एकट्यानंही ते करू शकतं, आणि नेट आल्यावर उत्तर पाठवू शकतं. काम निवडताना मी हीच कसोटी लावते: रूम उघडलीच नाही तर हे काम होईल का? होणार नसेल तर ते बदलते.

मोठ्या सामायिक फाइलमध्ये सगळ्यांनी एकदम लिहायचं काम, किंवा ऑनलाइन फळ्यावर चिठ्ठ्या चिकटवायचं काम, मी अशा वर्गात देत नाही. दिसायला ते छान दिसतं. पण कमी मेमरीच्या फोनवर दुसरं जड ॲप उघडलं की पहिलं, म्हणजे आपला कॉल, फोन स्वतःच बंद करून टाकतो. मुलाला वाटतं नेट गेलं. नेट तिथेच असतं, फोन दमलेला असतो.

पायरी ३: गट आधी पाडा आणि बदलू नका

गट चार जणांचा. दोघांच्या गटातला एक गळला तर दुसरा एकटा पडतो. तिघांतला गळला तर दोघं उरतात आणि अवघडतात. चौघांतला गळला तर तिघं राहतात आणि काम चालतं. सहा जणांच्या गटात दोघं ऐकतच बसतात.

पायरी १ मधल्या उत्तरांवरून प्रत्येक गटात एकजण तरी स्थिर नेटवाला ठेवते. कमकुवत नेटवाल्यांचा वेगळा गट करू नका. एखाद्या क्षणी तो अख्खा गटच गायब होतो.

प्रत्येकानं नावाआधी गट क्रमांक लावायचा: "३ नीता", "३ समीर". ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट माझी तासातली कितीतरी मिनिटं वाचवते. बाहेर फेकलं गेलेलं मूल परत येतं तेव्हा ते बहुतेक वेळा मुख्य वर्गात येऊन थांबतं. नावातच "३" दिसला की विचारपूस न करता त्याला तिसऱ्या रूममध्ये पाठवता येतं. झूममध्ये रूम तयार करतानाच `Let participants choose room` निवडलं तर मुलं स्वतःही परत जाऊ शकतात, पण आधी एकदा सराव करून घ्या. जुन्या ॲपवर तो पर्याय सापडत नाही अशी तक्रार येते, म्हणून ॲप अद्ययावत करायला सांगा.

लिहिणारा कोण हे रूममध्ये ठरवायचं नाही. त्यात एक मिनिट जातं, आणि आपल्याकडे असतात चार. यादीतलं पहिलं नाव लिहील. ते नसेल तर दुसरं. दुसऱ्या कामाला क्रम उलटा.

पायरी ४: प्रश्न तासाआधी वहीत उतरवून घ्या

तासाच्या साधारण अर्धा तास आधी ग्रुपवर एक मेसेज जातो. तो असा असतो:

"आज वही-पेन जवळ ठेवा. वहीत हे आकडे लिहून ठेवा: ४, ५, ५, ६, ७, ८, ३५.
काम १: एकच आकडा सांगायचा तर १० की ६? कारण बारा शब्दांच्या आत.
काम २: एकच आकडा बदलून सरासरी ७ करा, मध्यक ६ च राहू द्या.
उत्तर इथेच ग्रुपवर, गट क्रमांक लावून. उदा. 'गट ३: ...'
रूममध्ये जाता आलं नाही तर मुख्य वर्गातच थांबा. कॉलच गेला तर वहीत सोडवा, नेट आल्यावर उत्तर टाका."

मेसेज नुसता मजकूर ठेवा, त्याचा फोटो काढून पाठवू नका. देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला साठवताना तीन बाइट लागतात, तरी हा सगळा मेसेज एका केबीच्या आत बसतो. हेच आकडे रंगीत स्लाइडवर घालून ९ एमबीची पीडीएफ पाठवली, आणि मुलाला प्रत्यक्षात सेकंदाला २०० किलोबिट मिळत असतील, तर ती उतरायला सहा मिनिटं लागतात. चित्र पाठवणं भागच असेल तर ते १०० केबीपर्यंत खाली आणा. त्याच नेटवर ते चार सेकंदांत येतं.

कॉलमधल्या चॅटवर मात्र प्रश्न सोडू नका. जो बाहेर पडून परत येतो त्याला बहुतेक वेळा आधीचं चॅट दिसत नाही, आणि रूममध्ये लिहिलेलं चॅट त्या रूमपुरतंच राहतं. ग्रुपवरचा मेसेज कुठे जात नाही.

"प्रश्न आधीच कळला तर मुलं आधीच सोडवून येतील" अशी शंका सहकारी काढतात. येऊ द्या. सोडवून आलेलं मूल गटात समजावून सांगतं, ते मला हवंच असतं.

पायरी ५: घड्याळ दोन्ही बाजूंनी सैल ठेवा

चार मिनिटांच्या कामाला मी आठ मिनिटं धरते. दीड मिनिट सगळे रूममध्ये पोचायला, अर्धं मिनिट "ऐकू येतंय का?" मध्ये, चार मिनिटं काम, एक मिनिट उत्तर लिहून पाठवायला, आणि शेवटचं एक मिनिट रूम बंद होण्याच्या उलट्या मोजणीचं. ही मोजणी दहा सेकंदांवर आणायचा मोह होतो, पण आणू नका. कमकुवत नेटवर त्या दहा सेकंदांत वाक्य अर्धवट तुटतं आणि उत्तर पाठवायचं राहून जातं.

साठ मिनिटांची माझी मांडणी साधारण अशी पडते. पहिली पाच मिनिटं येणं, नावाला क्रमांक लावणं आणि आकडे वहीत आहेत ना हे पाहणं. पुढची दहा मिनिटं मी शिकवते, पडद्यावर एकच स्थिर स्लाइड ठेवून. हलती चित्रं आणि सरकणारे अक्षरांचे खेळ काढून टाकलेले बरे, कारण स्थिर पडद्याला फारच थोडा डेटा लागतो आणि दर बदलाला नव्यानं लागतो. मग तीन मिनिटं सूचना. कामाची सूचना मी दोनदा सांगते आणि नंतर एका विद्यार्थ्याला ती आपल्या शब्दांत सांगायला लावते. शक्यतो ज्याचं नेट वाईट आहे त्यालाच. त्याला कळली असेल तर सगळ्यांना कळली. अठराव्या ते सव्विसाव्या मिनिटापर्यंत पहिलं काम, पुढची आठ मिनिटं उत्तरांवर, सहा मिनिटं पुढचं शिकवणं. चाळिसाव्या मिनिटाला दुसरं काम सुरू होतं, तेच गट, तेही आठ मिनिटं. मग आठ मिनिटं त्याच्या उत्तरांना. उरलेल्या चार मिनिटांत प्रत्येकानं आज न कळलेली एक गोष्ट ग्रुपवर लिहायची.

तासात दोनापेक्षा जास्त वेळा रूम उघडू नका. दर फेरीमागे जाण्यायेण्यात तीन-चार मिनिटं जातात, आणि दर वेळी एखाददुसरं मूल कायमचं गळतं.

पायरी ६: रूम उघडल्यावर तुम्ही मुख्य वर्गातच थांबा

रूम उघडल्या की बहुतेक शिक्षक एकेका रूममध्ये फिरायला लागतात. मीही फिरायचे. पण प्रत्येक रूममध्ये जाताना तुमचंही जोडणं नव्यानं होतं, आणि नेमक्या त्या वेळी बाहेर पडलेलं मूल मुख्य वर्गात येऊन रिकाम्या खोलीत "मॅडम? मॅडम?" करत बसतं.

पहिली दोन मिनिटं मुख्य वर्ग सोडायचा नाही. जे परत येतील त्यांना एकदा त्यांच्या रूममध्ये पाठवायचं. पुन्हा बाहेर पडले तर तिसऱ्यांदा धडपड करायची नाही. त्यांनी मुख्य वर्गातच बसायचं आणि माझ्यासोबत तेच काम करायचं. म्हणजे मुख्य वर्ग हीच सातवी रूम. हा नियम आधीच सांगितलेला असतो, त्यामुळे कोणाला शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही. एकदा तर सातव्या रूममध्ये सात जण होते आणि त्या दिवशीची सर्वांत चांगली चर्चा तिथेच झाली.

चौथ्या मिनिटाला ग्रुप उघडून बघा. उत्तरं तिथे पडत असतात, त्यामुळे कोण पुढे गेलंय आणि कोण अडलंय ते न फिरता कळतं. पाचव्या मिनिटापर्यंत ज्या गटाकडून काहीच आलं नाही, तेवढ्याच रूममध्ये जा. तिथे बहुधा तीनपैकी एक गोष्ट आढळते: सगळे माइक बंद ठेवून दुसऱ्यानं बोलायची वाट बघताहेत, लिहिणाराच गळलाय, किंवा उत्तर तयार आहे पण कोणीतरी ते रूमच्या चॅटमध्ये लिहिलंय. तिन्ही अर्ध्या मिनिटात सुटतात.

तुमचं स्वतःचं नेट गेलं तर? त्यासाठी फोनवरून मोबाइल डेटानं दुसऱ्यांदा वर्गात या, आवाज बंद ठेवा आणि त्या फोनला सह-यजमान करा. संगणक बाहेर पडला तरी वर्ग तुमच्याच हातात राहतो. संगणक शक्य असेल तर केबलनं जोडा. आणि मुलांना एक वाक्य आधीच सांगून ठेवा: "मी गायब झाले तर काम चालू ठेवा, पाच मिनिटांत ग्रुपवर लिहीन."

पायरी ७: उत्तरं तुम्ही वाचून दाखवा

सहा गटांना प्रत्येकी दोन मिनिटं दिली तर बारा मिनिटं जातात, आणि त्यातली निम्मी "आवाज येतोय का?" मध्ये. त्यापेक्षा ग्रुपवरच्या सहा ओळी मी वाचते. पहिल्या कामाला एकदा अशा ओळी आल्या होत्या: चार गटांनी ६ निवडला, "कारण बहुतेक जण त्याच्या आसपास आहेत." एका गटानं १०, "कारण ३५ वाल्यालाही मोजलं पाहिजे." आणि सहाव्यानं लिहिलं, "दोन्ही सांगू, एक सांगितला तर फसवणूक होते."

आता बोलायला फक्त दोघांना बोलवायचं: १० वाल्या गटातला एक आणि दोन्ही म्हणणाऱ्या गटातला एक. बाकीच्यांनी ऐकायचं. बोलताना आवाज तुटला तर तीच गोष्ट ग्रुपवर लिहायला सांगते आणि मी वाचते. थांबून वाट बघत नाही.

ज्यांचं उत्तर तासानंतर आलं त्यांचीही ओळ पुढच्या तासाच्या सुरुवातीला वाचा. नेट गेलेल्या मुलाचं उत्तर एकदा जरी वगळलं तरी पुढच्या वेळी ते वहीत सोडवत नाही.

हे कुठे चालत नाही

तास संपल्यावर मी वहीत तीन आकडे लिहिते: किती जण रूममध्ये पोचले, किती गटांची उत्तरं वेळेत आली, किती जण सातव्या रूममध्ये राहिले. सातव्या रूममधले सलग दोन तास आठाच्या वर गेले तर पुढच्या तासाला रूम उघडतच नाही. सगळे मुख्य वर्गात थांबतात, तेच काम वहीत करतात आणि गटानं ग्रुपवर लिहून बोलतात. चर्चा संथ होते, पण कोणी गळत नाही. आणि एक तृतीयांश मुलांना नुसता आवाजही सलग ऐकू येत नसेल तर जिवंत तासाचा हट्ट सोडा; छोट्या ध्वनिमुद्रणात शिकवा आणि कामं मेसेजनं द्या.

ज्या विषयात आवाज हेच काम आहे, म्हणजे भाषेतलं संभाषण, उच्चार, गायन, तिथे एका ओळीचं उत्तर पुरत नाही. तिथे मी रूममधल्या बोलण्याऐवजी व्हॉइस नोट मागवते. अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट साधारण १०० केबीच्या आत बसते, आणि ती मेसेजसारखी थांबून, नेट आल्यावर पूर्ण पोचते. एकानं पाठवायची, गटातल्या दुसऱ्यानं ऐकून उत्तरादाखल आपली पाठवायची. दोन फेऱ्यांना रूममधल्या आठ मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं लागतात, म्हणून अशा तासात काम एकच ठेवते. एकत्र गाणं किंवा एका सुरात म्हणणं मात्र यातूनही होत नाही. दोन ठिकाणचे आवाज कॉलवर एका वेळी पोचतच नाहीत, नेट चांगलं असलं तरी.